ऑफर लेटरवर सही करण्याआधी: नोकरी सोडण्याचा हिशोब आधी मांडा

पहिलं ऑफर लेटर हातात आलं की नजर थेट पॅकेजच्या आकड्यावर जाते. कंपनीनं मात्र पत्राचा बराचसा मजकूर वेगळ्याच प्रसंगासाठी लिहिलेला असतो: तुम्ही नोकरी सोडलीत, किंवा तुम्हाला काढलं, तर काय होईल? प्रोबेशन, नोटीस पिरियड, बोनसची परतफेड, बाँड, स्पर्धक कंपनीत जाण्यावरची बंदी ही सगळी कलमं त्याच प्रसंगाची आहेत. ती पत्रात दूर दूर विखुरलेली असतात, म्हणून एकेक वाचताना साधी वाटतात. एकत्र मांडली की त्यांचं खरं वजन कळतं.

म्हणून पत्र वाचताना एकच प्रश्न समोर ठेवा: ‘दहा महिन्यांनी ही नोकरी सोडावी लागली, तर मला किती रुपये मोजावे लागतील आणि माझे कोणते कागद अडकतील?’ पुढे हाच हिशोब एका नमुना पत्रावर केला आहे. पत्र काल्पनिक आहे, पण त्यातल्या अटी पुण्या-मुंबईच्या आयटी कंपन्यांच्या पत्रांत सर्रास दिसणाऱ्या आहेत.

नमुना पत्र

नवा इंजिनिअर १ ऑगस्टला रुजू होणार आहे. सीटीसी, म्हणजे कंपनी तुमच्यावर करणार तो एकूण खर्च, वर्षाला ६,००,००० रुपये. प्रोबेशन ६ महिने. नोटीस पिरियड प्रोबेशनमध्ये ३० दिवस, कायम झाल्यावर ९० दिवस. जॉइनिंग बोनस ६०,०००, पण १२ महिन्यांच्या आत सोडल्यास तो पूर्ण परत द्यायचा. व्हेरिएबल पे ६०,०००. २४ महिन्यांचा बाँड, मोडल्यास २,००,००० रुपये. शिवाय सोडल्यावर १२ महिने स्पर्धक कंपनीत काम करायचं नाही.

पहिली पायरी: सीटीसी फोडून हातात येणारा पगार काढा

बाकीच्या सगळ्या आकड्यांचं माप हातात येणाऱ्या पगारावर घ्यायचं आहे, म्हणून सुरुवात इथून. पत्राच्या शेवटी जोडलेला पगाराचा तक्ता काढा. नमुना पत्रात तो असा आहे:

- मूळ वेतन, म्हणजे बेसिक: ३,००,०००
- घरभाडे भत्ता: १,२०,०००
- कंपनीचा पीएफ वाटा, बेसिकच्या १२ टक्के: ३६,०००
- ग्रॅच्युइटी, बेसिकच्या ४.८१ टक्के: १४,४३०
- आरोग्य विम्याचा हप्ता: ९,५७०
- व्हेरिएबल पे: ६०,०००
- जॉइनिंग बोनस: ६०,०००

यातली पहिली दोनच नावं दर महिन्याला रोख मिळणारी आहेत. बेसिक २५,००० आणि घरभाडे भत्ता १०,००० मिळून ग्रॉस पगार ३५,०००. त्यातून तुमचा पीएफ ३,००० आणि महाराष्ट्राचा व्यवसाय कर २०० वजा जाऊन हातात ३१,८०० येतात. फेब्रुवारीत व्यवसाय कर ३०० कापतात, त्यामुळे त्या महिन्यात १०० कमी. सहा लाखांना बारानं भागून ‘महिना पन्नास हजार’ असा अंदाज बांधला असेल, तर तो इथेच सोडून द्या.

दोन ओळींकडे नीट पाहा. ग्रॅच्युइटीसाठी कायम नोकरीत साधारणपणे पाच वर्षांची सलग सेवा लागते. दोन-तीन वर्षांत सोडणाऱ्याला हे १४,४३० मिळत नाहीत, तरी ते पॅकेजमध्ये मोजलेले आहेत. आणि जॉइनिंग बोनस एकदाच मिळतो. दुसऱ्या वर्षी तो नसेल, म्हणजे पगारवाढ झाली नाही तर सीटीसी आपोआप ५,४०,००० वर येतो. मुलाखतीनंतर सांगितलेला आकडा जॉइनिंग बोनस धरून होता की वगळून, हे एचआरला सरळ विचारा.

दुसरी पायरी: प्रोबेशन संपतं कधी, ते शोधा

‘प्रोबेशन ६ महिने’ एवढ्यावर थांबू नका, पुढचं वाक्य वाचा. बहुतेक पत्रांत असं असतं की कंपनी हा काळ वाढवू शकते आणि लेखी कन्फर्मेशन मिळेपर्यंत कर्मचारी प्रोबेशनवरच समजला जाईल. याचा अर्थ सहा महिने उलटले म्हणून तुम्ही आपोआप कायम होत नाही. न्यायालयंही साधारण असंच मानतात: पत्रात किंवा नियमांत कमाल मुदत दिली असेल आणि ती ओलांडूनही कामावर ठेवलं, तरच कन्फर्मेशन गृहीत धरायला जागा राहते. म्हणून ‘प्रोबेशन जास्तीत जास्त किती वेळा आणि किती महिने वाढू शकतं?’ या प्रश्नाचं उत्तर लेखी मिळणं फार मोलाचं आहे.

प्रोबेशनवर असण्यानं तीन ठिकाणी फरक पडतो. कंपनी कमी मुदतीच्या नोटिशीवर, कधी कारण न देताही, काढू शकते. रजा कमी मिळते किंवा साठत नाही. आणि काही कंपन्यांत व्हेरिएबल पे कन्फर्मेशनच्या तारखेपासूनच मोजायला सुरुवात होते. ही तिसरी अट ऑफर लेटरमध्ये नसते, बोनस पॉलिसीत असते.

इथे एक उलटा फायदाही आहे, तो नवखे उमेदवार विसरतात. प्रोबेशनमध्ये तुमचीही नोटीस ३० दिवसांचीच असते. नोकरी आपल्याला जमणारी नाही असं चौथ्या-पाचव्या महिन्यात वाटत असेल, तर निर्णय कन्फर्मेशनच्या आधी घ्या. एका पत्रानं तुमची नोटीस तिप्पट होणार आहे.

काम आवडत असेल, तर सहावा महिना संपायच्या दोन आठवडे आधी एचआर आणि मॅनेजर दोघांना मेल पाठवा: माझं प्रोबेशन अमुक तारखेला पूर्ण होत आहे, कन्फर्मेशनची प्रक्रिया कुठवर आली ते कळवावं. उत्तर आलं नाही तरी तो मेल तारखेसह तुमच्याकडे राहतो.

तिसरी पायरी: नोटीस कोणत्या पगारावर मोजतात?

नोटीस पिरियडच्या कलमात तीन गोष्टी तपासा. पहिली, दोन्ही बाजूंना मुदत सारखी आहे का? तुम्हाला ९० दिवस आणि कंपनीला ३०, अशी पत्रंही निघतात. दुसरी, नोटिशीऐवजी पैसे भरून लवकर सुटता येतं का, आणि तो हक्क तुमचा आहे की कंपनीच्या मर्जीवर आहे? ‘कंपनीच्या विवेकाधिकारानुसार’ असे शब्द असतील, तर पैसे द्यायची तयारी असूनही कंपनी पूर्ण ९० दिवस थांबायला सांगू शकते.

तिसरी गोष्ट पैशांची. नमुना पत्रातल्या इंजिनिअरला नवी कंपनी ४५ दिवसांत बोलावते आहे, म्हणजे ४५ दिवस कमी पडतात. ‘उरलेल्या दिवसांचा पगार’ या शब्दांचा अर्थ बेसिक घेतला तर २५,००० च्या दीडपट, म्हणजे ३७,५००. ग्रॉस घेतला तर ५२,५००. आणि काही कंपन्या सीटीसीला बारानं भागून ५०,००० धरतात, तेव्हा रक्कम ७५,००० होते. पत्रातल्या एका शब्दामुळे रक्कम दुप्पट होऊ शकते, म्हणून ‘पगार म्हणजे बेसिक की ग्रॉस?’ हे सहीच्या आधी विचारायलाच हवं.

या वसुलीवर १८ टक्के जीएसटी लावलेला हिशोब आला, तर हरकत घ्या. केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाच्या ३ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात, क्रमांक १७८/१०/२०२२, मुदतीआधी नोकरी सोडल्याबद्दल कापलेला पगार किंवा बाँडची रक्कम जीएसटीपात्र नाही असं स्पष्ट केलं आहे.

कंपनी तुम्हाला जबरदस्तीनं कामावर ठेवू शकत नाही. वैयक्तिक सेवेचा करार न्यायालय सक्तीनं पाळायला लावत नाही, हे तत्त्व १९६३ च्या विशिष्ट अनुतोष कायद्यात आहे. पण प्रत्यक्षात कोंडी होते ती रिलीव्हिंग लेटरवर. नवी कंपनी पार्श्वभूमी तपासणीत ते मागते, आणि नोटीस न भरता निघून गेलेल्याला जुनी कंपनी ते देत नाही. पीएफची वाट मात्र पूर्ण बंद होत नाही: शेवटचा हप्ता जमा झाल्यावर दोन महिन्यांनी ईपीएफओच्या पोर्टलवर सदस्य स्वतः नोकरी सोडल्याची तारीख नोंदवू शकतो.

अंतिम हिशोबासाठी अजूनही बऱ्याच पत्रांत ४५ किंवा ६० दिवस लिहिलेले असतात. वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे, आणि तिच्या कलम १७ प्रमाणे राजीनामा दिलेल्याचं किंवा काढून टाकलेल्याचं देय वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचं असतं. पत्रात जुनी मुदत दिसली, तर हा संदर्भ देऊन विचारा.

चौथी पायरी: बोनस या एका नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी

कायद्यानं मिळणारा बोनस, व्हेरिएबल पे आणि जॉइनिंग बोनस यांचे नियम पूर्ण वेगळे आहेत.

कायद्याच्या बोनसचा किमान दर ८.३३ टक्के आणि कमाल २० टक्के. १९६५ च्या बोनस कायद्यात त्याची पात्रता दरमहा २१,००० पर्यंतच्या पगाराला होती, आणि इथे पगार म्हणजे बेसिक व महागाई भत्ता. नमुना पत्रात बेसिकच २५,००० आहे, त्यामुळे तो त्या मर्यादेबाहेर जातो. तुमचं बेसिक १५-१८ हजार असेल, तर हा बोनस सीटीसीच्या तक्त्यात वेगळा दाखवला आहे का ते पाहा.

व्हेरिएबल पे हा शर्तींवर मिळणारा पैसा आहे. आकडा ६०,००० चा आहे, पण वर्ष एप्रिल ते मार्च मोजतात आणि आपला इंजिनिअर ऑगस्टमध्ये आला, म्हणून पहिल्या वर्षी आठच महिने धरले जातात: ४०,०००. कंपनीनं त्या वर्षी ८० टक्केच वाटप जाहीर केलं, तर ३२,०००. आणि हे पैसे जुलैच्या पगारात येतात. इथे सगळ्यात घातक वाक्य असतं: ‘रक्कम देण्याच्या तारखेला कर्मचारी सेवेत असला पाहिजे आणि नोटीस पिरियडवर नसला पाहिजे.’ मार्चपर्यंत आठही महिने काम केलं, पण जूनमध्ये राजीनामा दिला, की हे ३२,००० गेले. राजीनाम्याची तारीख ठरवताना हा महिना आधी बघायचा.

जॉइनिंग बोनसमध्ये परतफेडीच्या कलमातले बारकावे महत्त्वाचे. बारा महिने राजीनाम्याच्या तारखेपर्यंत मोजायचे की शेवटच्या कामाच्या दिवसापर्यंत? ९० दिवसांच्या नोटिशीत हा फरक तीन महिन्यांचा होतो. कंपनीनंच काढलं तरी परत द्यायचा का? तसं असेल तर ते वगळून घ्या, ही मागणी रास्त आहे. आणि परतफेड पूर्ण की उरलेल्या महिन्यांच्या प्रमाणात? मोठ्या पगारावर आणखी एक अडचण येते: बोनस मिळतो कर कापून, पण परत मागतात कर न कापलेली पूर्ण रक्कम. नमुना पत्रातल्या पगारावर नव्या करप्रणालीत कर लागत नाही, म्हणून हा त्रास नाही. मोठं पॅकेज असेल तर ‘हातात मिळालेली रक्कमच परत’ असं लिहून घ्या.

पाचवी पायरी: बाँड

‘बाँड कोर्टात टिकत नाही’ हा सल्ला सीनियर मुलं बिनधास्त देतात. तो अर्धवट आहे. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे करारात दोन लाख लिहिले म्हणून दोन लाख मिळतातच असं नाही. न्यायालय वाजवी भरपाई ठरवतं, आणि लिहिलेला आकडा ही तिची कमाल मर्यादा असते. कंपनीनं तुमच्या प्रशिक्षणावर खरोखर खर्च केला का, हा प्रश्न तिथे येतो. बाहेरचा प्रशिक्षक, प्रमाणपत्र परीक्षा, काही महिने काम न देता दिलेला पगार, असं काही असेल तर कंपनीची बाजू बळकट होते. नुसतं चार दिवसांचं इंडक्शन असेल तर ती कमकुवत.

पण मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांच्या आत सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट वैध ठरवली. तिथे सार्वजनिक बँक होती, भरतीची प्रक्रिया लांब आणि खर्चिक होती, आणि कर्मचारी अधिकारी पदावर होता. हा निकाल प्रत्येक खासगी कंपनीला जसाच्या तसा लागू होईल असं नाही, पण बाँड म्हणजे कागदाचा तुकडा असं समजून सही करणं आता धोक्याचं आहे.

बाँडमध्ये आकड्याइतकीच सुरुवातीची तारीखही महत्त्वाची असते. ‘प्रशिक्षण पूर्ण झाल्यापासून २४ महिने’ असं असेल आणि प्रशिक्षण चार महिन्यांचं असेल, तर बाँड प्रत्यक्षात २८ महिन्यांचा आहे.

तीन गोष्टी मात्र करू नका. सही केलेला कोरा चेक देऊ नका. त्यावर रक्कम भरण्याचा अधिकार कायद्यानं समोरच्याकडे जातो, आणि तो वटला नाही तर निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ खाली फौजदारी तक्रार होऊ शकते. बाँडचा दिवाणी वाद तिथे फौजदारी होतो. मूळ गुणपत्रिका आणि पदवी ठेवून घेऊ देऊ नका. पडताळणीला दाखवा, स्वतः साक्षांकित केलेल्या प्रती द्या. आणि आई-वडिलांची जामीनदार म्हणून सही मागितली, तर त्यांना आधी नीट समजावून सांगा की करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी तुमच्याइतकीच असते.

आता बेरीज

आपला इंजिनिअर ३१ मे रोजी, दहा महिने पूर्ण करून, ९० पैकी ४५ दिवस नोटीस भरून बाहेर पडतो. पत्रातल्या अटी अक्षरशः लावल्या तर बाँड २,००,०००, जॉइनिंग बोनस ६०,००० आणि ग्रॉसवर नोटीस ५२,५००. एकूण ३,१२,५००. वर जुलैत मिळू शकणारे ३२,००० बुडाले ते वेगळेच. दहा महिन्यांत पगार म्हणून त्याच्या हातात आले होते ३,१७,९००.

एवढी पूर्ण रक्कम न्यायालय देईलच असं नाही. पण शेवटचा पगार आणि रिलीव्हिंग लेटर कंपनीच्या हातात असतात, आणि वाटाघाट याच आकड्यापासून सुरू होते.

आता त्याच पत्रात तीन शब्द बदलून घेतले असते तर? बाँड उरलेल्या महिन्यांच्या प्रमाणात: २४ पैकी १४ महिने, म्हणजे १,१६,६६७. जॉइनिंग बोनस प्रमाणात: १२ पैकी २ महिने, १०,०००. नोटीस बेसिकवर: ३७,५००. एकूण १,६४,१६७. जवळजवळ निम्मं. पगार वाढवून मागण्यापेक्षा ही मागणी मान्य होण्याची शक्यता जास्त असते, कारण कंपनीला आज एक रुपयाही जास्त द्यावा लागत नाही.

सहावी पायरी: बंधनाची कलमं

नवखे उमेदवार स्पर्धक कंपनीत न जाण्याच्या अटीला सगळ्यात जास्त घाबरतात, आणि खरं तर तीच सगळ्यात कमजोर असते. करार कायद्याचं कलम २७ सांगतं की कुणालाही कायदेशीर व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल आहे. नोकरी चालू असताना दुसरीकडे काम न करण्याची अट सर्वोच्च न्यायालयानं १९६७ च्या गोलिकरी प्रकरणात वैध मानली. नोकरी संपल्यावर स्पर्धकाकडे जाण्यावरची बंदी १९८० च्या कृष्ण मुरगई प्रकरणात टिकली नाही. ‘सोडल्यावर १२ महिने’ हे शब्द या दुसऱ्या प्रकारात येतात.

गोपनीयतेचं कलम मात्र सोडल्यावरही टिकतं. कोड, ग्राहकांच्या याद्या, किमती स्वतःच्या पेन ड्राइव्हवर किंवा खासगी मेलवर नेल्या, तर ‘मी फक्त अनुभव म्हणून ठेवलं’ हा बचाव चालत नाही. जुन्या कंपनीचे ग्राहक किंवा सहकारी फोडण्यावरची बंदीही अधिक गांभीर्यानं घ्या, विशेषतः तुम्ही स्वतः पुढाकार घेऊन त्यांना संपर्क केला तर.

बौद्धिक संपदेच्या कलमात दोन शब्दांकडे पाहा: ‘कामाच्या ओघात’ की ‘नोकरीच्या काळात केलेलं सर्व काही’? पहिलं कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ शी जुळतं. दुसऱ्यात तुमचं रविवारी घरी लिहिलेलं ॲपही येऊ शकतं. कॉलेजात बनवलेला प्रोजेक्ट किंवा ओपन सोर्समधलं काम असेल, तर रुजू होण्याआधी त्याची तारखेसह यादी करून ‘पूर्वीचं काम’ म्हणून पत्राला जोडून घ्या.

सातवी पायरी: एचआरला काय आणि कसं विचारायचं

फोनवर सगळं विचारा, पण उत्तर मेलवरच घ्या. फोन झाल्यावर लगेच लिहा: ‘आपलं बोलणं झालं त्याप्रमाणे मला असं समजलं आहे की…’ आणि मुद्दे द्या. सगळ्या अटींवर हरकत घेऊ नका. पाच प्रश्न पुरतात: प्रोबेशन कमाल किती वाढू शकतं, नोटिशीची वसुली बेसिकवर की ग्रॉसवर, जॉइनिंग बोनस आणि बाँड प्रमाणात वसूल होतील का, कंपनीनं काढलं तर दोन्ही माफ आहेत का, आणि पत्रात ‘कंपनी पॉलिसीप्रमाणे’ असं जिथे लिहिलं आहे त्या पॉलिसींची प्रत मिळेल का.

‘पत्र सर्वांना एकच असतं, बदलता येत नाही’ हे उत्तर मोठ्या कंपन्यांत बहुतेकदा खरंच असतं. मग छापील पत्र बदलायचा आग्रह सोडा आणि त्या कलमाचा अर्थ मेलवर स्पष्ट करून मागा. ‘वसुली बेसिकवर होते’ एवढं एक वाक्य एचआरच्या अधिकृत मेलवरून आलं, तरी वादाच्या वेळी ते उपयोगी पडतं.

उत्तरासाठी ४८ तासांची मुदत दिली असेल, तर पहिल्याच दिवशी प्रश्न पाठवा आणि सोबत दोन दिवस वाढवून मागा. ऑफर लेटरनंतर रुजू होताना नेमणूक पत्र वेगळं मिळतं. त्यात नोटिशीचे दिवस किंवा बाँडचा आकडा बदललेला असण्याची शक्यता असते. दोन्ही पत्रं शेजारी ठेवून आकडे जुळवा, मगच सही करा. सही केलेल्या प्रती आणि एचआरचे मेल रुजू होण्याआधीच स्वतःच्या खासगी मेलवर साठवून ठेवा, कारण शेवटच्या दिवशी संध्याकाळी कंपनीचा मेल बंद होतो आणि त्यानंतर ते मिळत नाहीत.